मावशीचा रोबो, एक फोटो आणि पुसलेली अक्षरं

मी वडोदऱ्यात राहते, दांडिया बाजारच्या मागे. माझी मावशी ग्वाल्हेरला, लष्कर भागात. तिच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली तेव्हा मावसभावाने, 2020 मध्ये, तिच्यासाठी फरशी झाडून पुसणारा रोबो घेऊन ठेवला. तो स्वतः आता परदेशात आहे आणि रोबोचं ॲप त्याच्या जुन्या फोनबरोबर गेलं. मे महिन्यात मावशीचा फोन आला. "अगं, हा फिरतो सगळीकडे, पण मागे बारीक धूळ सोडत जातो. फिल्टर झटकला जोरात, तर त्याची एक घडी फाटली. तिकडे मिळतो का बघ ना."

फाटलेला फिल्टर तसाच वापरू नको, असं तिला लगेच सांगितलं. धूळ आणि पंखा यांच्यामध्ये तोच एक पडदा असतो. तो फाटला की बारीक माती पंख्याच्या मोटरपर्यंत जाते, आणि उरलेली मागच्या झरोक्यातून परत खोलीत येते.

तिने फोटो पाठवला. पांढरा, गोल, वर छोटी गोल टोपी असलेला, Mi चं चिन्ह असलेला रोबो. तो फोटो मी फोनवरच्या फोटो-शोधात टाकला. तसेच दिसणारे पांढरे गोल रोबो आले, त्याखाली फिल्टरची चित्रं. टोपी जुळली, रंग जुळला, चिन्ह जुळलं. साडेतीनशे रुपये भरून फिल्टर थेट मावशीच्या पत्त्यावर पाठवला. तो बसला नाही. एका बाजूने फट राहत होती. मावशी म्हणाली, "कागद घालून घट्ट करू का?" मी नको म्हटलं. हवा नेहमी सोपी वाट धरते. कडेला फट असली की धूळ फिल्टरमधून न जाता त्या फटीतून जाते, आणि यंत्र काही तक्रार करत नाही. ओळखायचं एकाच खुणेवरून: फिल्टरच्या स्वच्छ बाजूच्या कडेला राखाडी रेघ उमटते.

मग रावपुऱ्यातल्या एका दुकानात गेले. त्या भाईंनी फोटोकडे नीट पाहिलंही नाही. "बेन, नंबर लावो." म्हणजे मॉडेलचा नंबर आणा. पुढे त्यांनी जे सांगितलं ते मला आधी कुणी सांगायला हवं होतं. शाओमी Mi हे चिन्ह लावून रोबो विकायची, पण सगळे रोबो एकाच कंपनीने बनवलेले नसायचे. आतला साचा वेगळा, म्हणून फिल्टर, ब्रश, धुळीचा डबा सगळंच वेगळं. वरून मात्र ते एका घरातली भावंडं वाटतात.

घरी येऊन मी या नंबरांच्या मागे लागले, आणि त्यांत एक अर्थ सापडला. पहिल्या पिढीचा रोबो SDJQR01RR किंवा SDJQR02RR. पहिली पाच अक्षरं म्हणजे चिनी भाषेत झाडणारा यंत्रमानव, आणि शेवटचं RR हे रॉकरोबोचं, म्हणजे आज जिला रोबोरॉक म्हणतात त्या कंपनीचं. STYTJ म्हणजे झाडणं आणि पुसणं एकत्र करणारं यंत्र. त्यातल्या STYTJ01ZHM मधलं ZHM म्हणजे झुईमी, बाहेरच्या जगात ड्रीमी. STYTJ02YM मधलं YM म्हणजे युनमी, बाहेर व्हिओमी. म्हणजे भाग कुठल्या साच्याचा हवा, ते नंबराची शेपटी सांगते. दुकानात किंवा ऑनलाइन फिल्टर शोधताना बनवणाऱ्याचं नाव घातलं की बरेच भलते फिल्टर आपोआप गळून जातात.

आता मावशीच्या रोबोचा नंबर हवा होता. तो पोटावरच्या लेबलवर असतो. मी तिला सांगितलं, आधी बटण बंद कर, पाण्याची टाकी काढून घे, नाहीतर उलटा करताना पाणी आत सांडेल, मग जुन्या टॉवेलवर पालथा घाल. फोटो आला, पण ओल्या फरशीवर वर्षानुवर्षं फिरून लेबल झिजलं होतं. STYTJ0 दिसत होतं, शेवटचं M दिसत होतं, मधला भाग पुसट. आणि माझ्यासमोरचे दोन्ही नंबर STYTJ0 ने सुरू होऊन M वरच संपत होते!

इथे तो पहिला, मला निरुपयोगी वाटलेला फोटो कामी आला. STYTJ01ZHM छताकडे बघणाऱ्या कॅमेऱ्याने वाट शोधतो, त्याला टोपी नसते. STYTJ02YM ला ती टोपी असते, तिच्यात फिरता लेझर असतो. मावशीच्या रोबोला टोपी होती. पहिल्या पिढीच्या RR लाही टोपी आहे, फोटो-शोध तिथेच घसरला होता. पण तो फक्त झाडतो, आणि मावशीकडे पोछाचं फडकं लावायची पट्टी होती. खरं तर हे मला पहिल्याच दिवशी विचारता आलं असतं.

तरी एका टोपीवर पुन्हा पैसे घालायचे नव्हते. पुढे आलेल्या दुसऱ्या मॉडेलांतही लेझर असू शकतो. म्हणून मावशीला लेबलचा फोटो पुन्हा काढायला लावला. फ्लॅश बंद, खोलीत अंधार, आणि शेजारच्या मुलाने टॉर्च लेबलला जवळजवळ चिकटवून बाजूने धरला. आडव्या प्रकाशात झिजलेल्या छपाईचा उठाव दिसतो, समोरच्या प्रकाशात तो नाहीसा होतो. फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितला, कारण साध्या फोटोतली बारीक अक्षरं पाठवताना दबली जातात. या वेळी M च्या आधी Y स्पष्ट होता.

मापही जुळवून पाहिलं, आणि तिथे आणखी एक गोष्ट कळली. मावशीने फाटका फिल्टर टेबलावर ठेवून शेजारी पट्टी ठेवली होती आणि फोन अगदी जवळून धरला होता. माप विक्रेत्याने दिलेल्या मापापेक्षा मोठं येत होतं. कारण साधं आहे: पट्टी टेबलावर, फिल्टरची वरची कड कॅमेऱ्याच्या जवळ. वस्तू 2 सेंटिमीटर जाड असेल आणि फोन टेबलापासून 20 सेंटिमीटरवर असेल, तर 10 सेंटिमीटरची लांबी फोटोत 11 च्या वर दिसते. तोच फोन 60 सेंटिमीटरवर नेऊन झूम केला तर चूक तीन-चार मिलिमीटरवर येते. पट्टीखाली वह्या ठेवून ती फिल्टरच्या वरच्या कडेइतकी उचलली, तर जवळजवळ संपतेच. मावशीने दोन वह्या ठेवल्या आणि माप जुळलं. मी दोन्ही बाजूंचे फोटोही मागवले, कारण कडेचं रबर आणि ओढायची पट्टी कुठल्या बाजूला आहे ते फक्त मापावरून कळत नाही.

नवा फिल्टर चार दिवसांनी पोचला. बसवताना टक् आवाज झाला, मावशीने फोनवर आधी तेच सांगितलं. पंधरा दिवसांनी मी तिला फिल्टर काढून स्वच्छ बाजूचा फोटो पाठवायला सांगितला. कड पांढरी होती, रेघ नव्हती. आता रोबोच्या पोटावर पारदर्शक टेपखाली एक चिठ्ठी आहे, मावशीच्या मोठ्या, गोल अक्षरात: STYTJ02YM, व्हिओमी.