खोक्यावर 100 सीएफएम, भिंतीला तरी बुरशी: बिनखिडकीच्या बाथरूमच्या एक्झॉस्टचा माझा अनुभव

आमच्या बाथरूमला खिडकीच नाही, फॉल्स सीलिंगमध्ये एक्झॉस्ट फॅन आहे आणि तो आवाजही भरपूर करतो, तरी छताच्या कोपऱ्यात काळे ठिपके परत परत यायचे. सगळे म्हणाले मोठा फॅन बसव. मी आधी हिशोब केला.

बाथरूम 8 बाय 5 फूट, उंची 8, म्हणजे 320 घनफूट. तासाला 8 वेळा हवा बदलायला हवी असं धरलं तर 320 गुणिले 8 भागिले 60, साधारण 43 सीएफएम, म्हणजे मिनिटाला 43 घनफूट हवा, आणि छोट्या बाथरूमलाही कमीत कमी 50 धरतात. फॅनच्या खोक्यावर 100 लिहिलेलं! मग फॅन लहान कसा?

तर तो आकडा पाइप न जोडता, मोकळ्या हवेत मोजलेला असतो. खरी हवा किती जाते ते बघायला मी पाइपच्या बाहेरच्या तोंडाला 60 लिटरची कचऱ्याची पिशवी चपटी करून लावली. भरायला दहा सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला 6 लिटर. 1 सीएफएम म्हणजे सेकंदाला जवळपास अर्धा लिटर, त्यामुळे जेमतेम 12-13 सीएफएम निघाले.

मग दार उघडं ठेवून तेच केलं, पिशवी जरा लवकर भरली. म्हणजे थोडा दोष दाराचा होताच, खाली फटच नव्हती, आत हवा यायलाच जागा नाही तर फॅन बाहेर काय फेकणार? सुताराकडून दार खालून पाऊण इंच कापून घेतलं. (उंबरठा असेल तर दारात जाळी बसवा, पण खालच्या बाजूला आणि फॅनपासून लांब, नाहीतर जाळीतून आलेली हवा सरळ फॅनमध्ये जाते आणि शॉवरची वाफ तिथेच राहते.)

पण खरी गोम सीलिंगच्या वर होती. घड्यांचा फ्लेक्सिबल पाइप गरजेपेक्षा लांब, मध्ये लोंबलेला, बाहेर पडताना काटकोनात दाबलेला, आणि लोंबलेल्या भागात चक्क पाणी साठलेलं. साध्या पात्याच्या फॅनला एवढा विरोध झेपत नाही, पातं फिरतं, आवाज येतो, हवा जात नाही. तो काढून 4 इंची गुळगुळीत पीव्हीसी पाइप टाकला, बाहेरच्या बाजूला किंचित उतार दिला, काटकोनाच्या जागी 45 चे दोन बेंड. फॅन तोच. दार बंद ठेवून पिशवी आता तीन सेकंदांत भरते, म्हणजे 42 च्या आसपास.

50 पेक्षा थोडं कमीच, म्हणून टायमर लावलाय, अंघोळीनंतर अर्धा तास फॅन चालू राहतो, कारण भिंतीवरचं पाणी सुकायला वेळ लागतोच. जुनी बुरशी मात्र आधी घासून काढावी लागली, फॅनने ती जात नाही. आणि तुमचा पाइप फारच लांब असेल तर साध्या फॅनच्या नादी लागू नका, सरळ पाइपच्या मध्येच बसणारा इनलाइन फॅन घ्या, तो दाब सहन करतो.