पंचमाला सा करा: ग्रेड १ साठी की सिग्नेचरचा अभ्यास

थिअरीच्या ग्रेड १ च्या तयारीत सध्या की सिग्नेचरवर काम चालू आहे. एबीआरएसएमच्या ग्रेड १ ला चारच मेजर स्केल असतात: सी, जी, डी आणि एफ. चारच म्हणून बहुतेक जण पाठ करून मोकळे होतात. सीला काही नाही, जीला एक शार्प, डीला दोन, एफला एक फ्लॅट. परीक्षा त्यावर निघूनही जाते. पण ग्रेड २ ला ए, बी फ्लॅट आणि ई फ्लॅट येऊन बसले की पाठांतराची सरमिसळ व्हायला लागते. धुळे-जळगावकडे आपल्यातले कितीतरी जण आधी भजनात पेटी वाजवत होते आणि मग कीबोर्डकडे वळले. त्यांना हे पाठ करायची गरजच नाही असं माझं ठाम मत झालंय. सर्कल ऑफ फिफ्थ्स म्हणजे आपला षड्ज-पंचम भाव. एकाचा पंचम हा पुढच्याचा सा.

आमच्या मंडळात आप्पा जुने पेटीवाले आहेत. त्यांनी स्टाफ नोटेशन कधी पाहिलेलं नाही. मी त्यांना वहीतलं वर्तुळ दाखवलं, तर त्यांनी पेटी पुढे ओढली आणि म्हणाले, "पंचमले सा कर, मंग वाजाड. कोठे अडकस ते देख." सगळा धडा त्या वाक्यात आहे.

पांढरी एकला सा धरून बिलावलाचे सूर वाजवा. सगळ्या पांढऱ्याच लागतात. हाच सी मेजर. यात दोनच ठिकाणी शेजारशेजारच्या पट्ट्या येतात, म्हणजे सेमीटोन असतो: ग-म आणि नी-सां. बाकी सगळीकडे मधे एक पट्टी सुटते, तो टोन. मेजर स्केलची ओळख हीच. सा कुठलाही धरा, सेमीटोन या दोन जागीच यायला हवेत.

आता सीचा पंचम म्हणजे पांढरी पाच, जी. तिला सा करा आणि नुसत्या पांढऱ्यांवरून वर जा. जी, ए, बी, सी, डी, ई इथपर्यंत सगळं जुळतं, ग-म चा सेमीटोनही बी-सी वर बरोबर बसतो. अडकतं ते एफवर. ई ते एफ शेजारच्या पट्ट्या आहेत, पण ध ते नी मधे टोन हवा. आणि एफ ते जी मधे टोन पडतोय, तिथे नी-सां चा सेमीटोन हवा. दोन्ही अंतरं चुकलीत, आणि दोन्हीवर उपाय एकच: एफ सोडून त्याच्या वरची काळी तीन घ्या, म्हणजे एफ शार्प. खालचं अंतर वाढतं, वरचं कमी होतं. जी मेजरला एकच शार्प का आणि तो एफच का, याचं उत्तर एवढंच.

हा एफ शार्प जुन्या सा च्या हिशोबाने तीव्र मध्यम आहे. म्हणजे पांढरी एकमध्ये कल्याण थाटाचे सूर आणि पांढरी पाचमध्ये बिलावल थाटाचे सूर या सात पट्ट्या अगदी त्याच आहेत. फरक सा कुठे मानला एवढाच. (राग त्याहून पुष्कळ मोठी गोष्ट आहे, इथे फक्त सुरांचा हिशोब चाललाय.) आणि नव्या सा च्या हिशोबाने तो नी आहे. हे दुसरं वाक्य वहीत मोठ्या अक्षरात लिहा, कारण नवा आलेला शार्प हा नेहमी नव्या स्केलचा नी असतो.

पुढची पायरी तशीच. जीचा पंचम डी, म्हणजे पांढरी दोन. जीचेच सूर ठेवून डीपासून वर जा: डी, ई, एफ शार्प, जी, ए, बी, आणि सीवर पुन्हा तेच अडकणं. सी शार्प घ्या, काळी एक. मागचा एफ शार्प गेला नाही, तो आता डीचा ग झाला. दर पायरीला सहा सूर तेच राहतात आणि एकच बदलतो. म्हणून शार्प एकावर एक साठत जातात आणि त्यांचा क्रम कधी बदलत नाही: आधी एफ, मग सी. हे शार्पसुद्धा एकमेकांचे पंचमच आहेत.

असंच पुढे जात राहिलं तर पेटीवर सा चा प्रवास असा होतो: पांढरी एक, पाच, दोन, सहा, तीन, सात, मग काळी तीन, एक, चार, दोन, पाच, मग पांढरी चार आणि परत पांढरी एक. बारा पट्ट्या, एकही दोनदा नाही. एकदा सावकाश वाजवून बघा. पेटी आणि कीबोर्ड बारा समान भागांत लावलेले असतात म्हणून हे वर्तुळ जुळतं. तंबोऱ्यासारखे शुद्ध पंचम एकापुढे एक बारा वेळा घेतले, तर शेवटचा सा सेमीटोनच्या साधारण पाव हिश्श्याने चढा येतो. परीक्षेत हे विचारत नाहीत, पण कान तयार असणाऱ्याला हा प्रश्न पडतोच.

आता डावी बाजू. पांढरी एक ही ज्याची पंचम आहे तो सा म्हणजे पांढरी चार, एफ. एफपासून पांढऱ्यांवर चढलं की चौथ्याच सुराला अडकतं. ए ते बी टोन आहे, तिथे ग-म चा सेमीटोन हवा. म्हणून बी उतरवून काळी पाच घ्यायची. जुन्या सा कडून पाहिलं तर हा कोमल नी आहे, म्हणजे हे खमाज थाटाचे सूर. नव्या सा कडून हा म आहे. शार्पच्या बाजूला नवा सूर नी, फ्लॅटच्या बाजूला नवा सूर म. वर्तुळाची दोन्ही अंगं एवढ्यावर उभी आहेत.

पेटीवाल्यांसाठी खरा सापळा इथेच आहे. काळी पाच म्हणजे ए शार्प आणि बी फ्लॅट दोन्ही, आवाज तोच. पण कागदावर एफ, जी, ए, ए शार्प, सी असं लिहिलं की उत्तर चूक. ए दोनदा आला आणि बी गायब झाला. स्केलमध्ये सातही अक्षरं एकेकदा यायलाच हवीत. आपणही कोमल नीला चढा ध मानत नाही, तो नीच असतो. आमच्यासोबत तयारी करणाऱ्या एकीची पट्टी दर वेळी बरोबर पडायची आणि लिहिताना ए शार्प यायचा. तिने आधी नुसती अक्षरं ओळीने लिहायची आणि मग चिन्हं लावायची सवय लावली, तेव्हा ते सुटलं.

लिहिण्याची जागाही ठरलेली असते. भातखंडे पद्धतीत कोमलची रेघ त्या त्या स्वराखाली प्रत्येक वेळी येते. स्टाफवर चिन्ह ओळीच्या सुरुवातीला एकदाच, क्लेफच्या लगेच नंतर आणि टाइम सिग्नेचरच्या आधी. मग ते त्या अक्षराच्या प्रत्येक सप्तकाला लागू. ट्रेबलमध्ये एफ शार्प सगळ्यात वरच्या रेषेवर, सी शार्प खालून तिसऱ्या घरात, बी फ्लॅट मधल्या रेषेवर. बासमध्ये एफ शार्प खालून चौथ्या रेषेवर, सी शार्प दुसऱ्या घरात, बी फ्लॅट दुसऱ्या रेषेवर. शार्पच्या मधली चौकट आणि फ्लॅटचं पोट नेमकं त्या रेषेवर किंवा घरात बसलंय ना ते पाहा. डोळ्यांना ट्रेबलची सवय असते, म्हणून बासमध्येही हात त्याच जागी जातो. बासमध्ये वरच्या रेषेवर शार्प काढला तर तो ए शार्प होतो. आणि की सिग्नेचर प्रत्येक नव्या ओळीच्या सुरुवातीला पुन्हा लिहावी लागते. टाइम सिग्नेचर फक्त पहिल्या ओळीला.

शेवटी सरावातला एक प्रश्न पूर्ण सोडवून दाखवते, कारण यात बरेच जण घसरतात. चार बारची धून, की सिग्नेचर न देता, चिन्हं सुरांजवळच लावलेली, आणि विचारलंय: स्केल कोणतं? सूर असे: डी, सी शार्प, डी, ई, मग एफ शार्प, जी, ए, एफ शार्प, ई, डी. शेवटचा शार्प नव्या स्केलचा नी, हा नियम माहीत असलेला उमेदवार धुनेत शेवटी दिसलेला शार्प पकडतो. तो एफ शार्प, म्हणून सा जी, म्हणून उत्तर जी मेजर. हे चूक. नियमातला शेवटचा म्हणजे ठरलेल्या क्रमातला शेवटचा, धुनेत नंतर आलेला असं नाही. आधी सगळे शार्प गोळा करायचे, एफ-सी असे क्रमाने लावायचे. शेवटचा आला सी शार्प, तो नी. त्याच्या वरची लगतची पट्टी डी. म्हणून डी मेजर. खात्री करायची असेल तर उलटं विचारा: जी मेजरमध्ये सी शार्प असतो का? नसतो. धूनही डीवरच येऊन थांबतेय.

कधी धुनेत सी हे अक्षरच नसतं, नुसता एफ शार्प दिसतो. तेव्हा जी की डी, हे शार्प मोजून ठरत नाही. सूर कुठे विसावतोय ते पाहावं लागतं, आणि इथे भजनाला साथ केलेला कान कामाला येतो. धून मनात म्हणा, सा आपोआप सापडतो. फ्लॅटचं उत्तर तपासायचं तर शेवटचा फ्लॅट हा म, तिथून म ग रे सा उतरायचं. बी फ्लॅट, ए, जी, एफ. हीच युक्ती ग्रेड २ च्या बी फ्लॅटलाही लागू पडते: शेवटचा फ्लॅट ई फ्लॅट, मग डी, सी, बी फ्लॅट. वेगळं काही लक्षात ठेवावं लागत नाही.

परीक्षा ऑनलाइन, घरूनच देता येते. पुढच्या नोंदीत फक्त बास क्लेफ घेणार आहे, कारण चुका सध्या तिथेच जास्त होतायत. तोवर कुणी डीच्या पुढे ए पर्यंत स्वतः चढून पाहिलं, तर तिसरा शार्प कोणता आणि तो नी कसा, ते आपलं आपण काढून बघा.