वजा 820

आज सोलापूरजवळच्या नव्या सोलर प्लांटची पहिली चाचणी. एकापुढे एक जोडलेल्या 18 पॅनेलच्या प्रत्येक स्ट्रिंगला भर उन्हात साधारण 820 व्होल्ट येत होते. सातवीवर मीटरने वजा 820 दाखवले. पोलॅरिटी उलटी! तसेच फ्यूज बसवले असते तर शेजारच्या स्ट्रिंगशी 1640 व्होल्टचा फरक पडून, सगळ्या स्ट्रिंग जिथे एकत्र येतात त्या कॉम्बायनर बॉक्समध्ये आर्क होऊ शकला असता. कनेक्टर लावणाऱ्या पोराला ओरडलो नाही, त्याच्याशेजारी बसून दोन्ही टोकं नव्यानं केली.

मग मेगरने केबलच्या इन्सुलेशनची तपासणी. 1000 व्होल्टला बाकीच्या स्ट्रिंग 40 मेगाओहमच्या वर, बारावी मात्र 0.4. किमान 1 तरी हवा. पॅनेलखाली वाकून केबल हातानं चाचपत गेलो. स्ट्रक्चरच्या धारेवर ती सोलली होती. बदलली, तेव्हा 60 आले. किती बरं वाटलं! उद्या इन्व्हर्टर.