मथळ्यातला ‘मुळे’ काढताना : आरोग्यवृत्ताच्या अनुवादाचा माझा अनुभव

शोधनिबंध वाचून त्याचे मराठी वृत्त तयार करण्याचे काम सुरळीत पार पडले. अडले ते मथळ्यापाशी, आणि असे अडले की त्याचा वैताग अजून पुरता गेलेला नाही. ‘रोज डाएट सोडा पिणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचे प्रमाण अधिक’ अशी ओळ मी दिली होती. डाएट सोडा म्हणजे साखरेऐवजी कृत्रिम गोडवा घातलेले शीतपेय. संपादन विभागातून मजकूर परत आला तेव्हा तिच्या जागी ‘डाएट सोड्यामुळे पक्षाघाताचा धोका तिप्पट’ अशी ओळ होती. शब्द कमी झाले होते, ओळ चटपटीत झाली होती, आणि शोधनिबंधाने कुठेही न केलेला दावा बातमीच्या डोक्यावर येऊन बसला होता.

निबंध ‘स्ट्रोक’ या वैद्यकीय नियतकालिकात एप्रिल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रॅमिंगहॅम येथे कित्येक दशके चालू असलेल्या हृदयविकारविषयक पाहणीतील माहिती त्याने वापरली होती. पंचेचाळिशी ओलांडलेल्या २,८८८ जणांनी आपल्या खाण्यापिण्याविषयीच्या प्रश्नावल्या भरल्या होत्या, आणि त्यानंतर सुमारे दहा वर्षे त्यांच्यापैकी कोणाला पक्षाघात होतो याची नोंद ठेवण्यात आली. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडथळा येऊन होणाऱ्या पक्षाघाताच्या ८२ घटना नोंदल्या गेल्या. जे कधीच डाएट सोडा पीत नव्हते त्यांच्या तुलनेत रोज पिणाऱ्यांमधील धोक्याचे गुणोत्तर २.९६ निघाले. मथळ्यातला ‘तिप्पट’ इथून आला. ‘मुळे’ मात्र निबंधातून आला नव्हता. पाहणी निरीक्षणात्मक असल्यामुळे तिच्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, असे संशोधकांनी स्वतःच नमूद केले होते.

मी दूरध्वनी केला. वृत्तसंपादक अनुभवी होते आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. “अहो, तुमची ओळ वाचून वाचक म्हणेल, बरं मग? मूळ निबंधात संबंध आढळल्याचे म्हटले आहे ना? संबंध आहे म्हणजे त्यामुळेच होत असणार. उगाच कीस कशाला पाडता?” हा युक्तिवाद मी या कामात इतक्या जणांकडून ऐकला आहे की त्याचे उत्तर तोंडपाठ असायला हवे होते, पण घाईच्या वेळी समोरच्याला पटेल असे उत्तर देणे वेगळे असते.

मी आधी पाहणीची पद्धत सांगितली. कोणी कोणाला सोडा पाजला नव्हता. लोक आपापल्या मर्जीने जे पीत होते ते नोंदवले गेले, आणि पुढे काय झाले तेही नोंदवले गेले. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले, एकाला सोडा दिला आणि दुसऱ्याला दिला नाही, असे घडले असते तर दोन्ही गट बाकी सर्व बाबतींत सरासरीने सारखे मानता आले असते आणि उरलेला फरक सोड्याच्या खात्यावर टाकता आला असता. इथे मात्र डाएट सोडा निवडणारी माणसे मुळातच वेगळी असू शकतात. ज्याचे वजन वाढले आहे, ज्याला मधुमेह जडला आहे किंवा ज्याला डॉक्टरांनी साखर तोडायला सांगितले आहे, तोच बहुधा डाएट सोड्याकडे वळतो. आणि मधुमेह व स्थूलपणा यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो हे आपल्याला स्वतंत्रपणे माहीत आहे. म्हणजे सोडा हा आजाराचा कर्ता नसून आजाराच्या वाटेवर असलेल्या माणसाची नुसती खूण असू शकतो.

“पण संशोधकांनी ते सगळे हिशेबात धरलेच असेल की,” असे ते म्हणाले, आणि हा प्रश्न रास्त होता. वय, लिंग, आहारातील उष्मांक, आहाराचा दर्जा, व्यायाम आणि धूम्रपान हे घटक गणितात धरलेले होते. परंतु गणितात धरता येते ते मोजलेलेच, आणि तेही जितके नेमके मोजले असेल तितकेच. खाण्यापिण्याची माहिती माणसांच्या स्मरणावर अवलंबून होती. शिवाय याच निबंधात स्मृतिभ्रंशाविषयी जो संबंध आढळला होता, तो मधुमेहासारखे घटक हिशेबात घेतल्यावर दुबळा पडत होता. एक घटक आत घेतल्यावर संबंध ढिला पडतो, तेव्हा न मोजलेल्या घटकांबद्दल शंका घेणे भागच असते.

मग मी ‘तिप्पट’कडे वळलो. २.९६ हा आकडा एकटा छापला की तो मोजपट्टीने मोजल्यासारखा वाटतो; पण त्याच्या शेजारीच १.२६ ते ६.९७ अशी मर्यादा दिलेली होती. उपलब्ध माहितीशी जुळणारे गुणोत्तर सव्वापटीपासून जवळजवळ सातपटीपर्यंत कुठेही असू शकते, असा त्याचा ढोबळ अर्थ. घटना ८२ आणि त्यातही रोज पिणाऱ्यांचा गट लहान, म्हणून मर्यादा इतकी ऐसपैस. आणि मुळात २,८८८ जणांपैकी ८२ म्हणजे दहा वर्षांत शंभरातील तिघांहूनही कमी. हा पाया न सांगता ‘तिप्पट’ लिहिले की वाचकाच्या डोळ्यांसमोर प्रत्येक डाएट सोडा पिणारा अंथरुणाला खिळलेला दिसू लागतो.

एवढे बोलूनही मथळा तसाच राहिला. वृत्तसंपादकांना माझे म्हणणे समजत होते, फक्त ते ‘वाचकांपर्यंत पोहोचणार नाही’ असे त्यांना वाटत होते. हे वाक्य ऐकले की माझा पारा चढतो, कारण चुकीची गोष्ट पोहोचली तर तिचे काय करायचे याचा विचार त्यात नसतो.

शेवटी गाडी पुढे सरकली ती त्याच निबंधातील एका निष्कर्षाने, जो बातमीत माझ्या तिसऱ्या परिच्छेदात होता आणि कापला गेला होता. साखरयुक्त पेयांचा पक्षाघाताशी किंवा स्मृतिभ्रंशाशी या पाहणीत संबंध आढळला नव्हता. मी विचारले, “डाएट सोड्याने पक्षाघात होतो असे छापायचे असेल, तर त्याच न्यायाने साखरेचा सोडा निर्धोक आहे असेही छापाल का?” पलीकडे शांतता पसरली. साखरेच्या पेयांना निर्दोष ठरवायला ते धजावत नव्हते, आणि योग्यच होते. कारण एकाच पाहणीतला एक निष्कर्ष कारण म्हणून स्वीकारायचा आणि दुसरा बाजूला सारायचा हे त्यांनाही पटेना. मला त्या क्षणी झालेला आनंद थोडा दुष्ट होता हे कबूल. पण तेव्हापासून माझी ही पहिली कसोटी झाली आहे : बातमीत ‘मुळे’ लिहावासा वाटला की त्याच निबंधातील सर्वांत गैरसोयीचा निष्कर्ष शोधावा आणि तोही ‘मुळे’ लावून वाचून पाहावा.

अखेर ‘रोज डाएट सोडा पिणाऱ्यांमध्ये पक्षाघात अधिक, कारण अस्पष्ट’ ही ओळ ठरली. माझ्या पहिल्या ओळीपेक्षा ती बरी आहे हे मान्य करायला हवे, कारण वाचकाच्या ‘बरं मग?’ला ती तिथल्या तिथे उत्तर देते.

या वादात माझ्या लक्षात राहिलेल्या आणखी काही गोष्टी आहेत. नुसते ‘डाएट सोड्याचा पक्षाघाताशी संबंध’ असे लिहिण्यात मला आता सावधपणा वाटत नाही. आपल्या नेहमीच्या बोलण्यात ‘त्याचा या प्रकरणाशी संबंध आहे’ म्हणजे त्याचा त्यात हात आहे. म्हणून मी वाक्याचा कर्ता पदार्थाऐवजी माणसांना करतो : सोडा काही ‘वाढवत’ नाही, तर सोडा पिणाऱ्यांमध्ये काहीतरी अधिक ‘आढळते’. तसेच ‘पक्षाघात होऊ शकतो’ हे पुष्कळांना सौम्य वाटते, पण त्यातही कारणाचा दावा शिल्लकच असतो, फक्त तो प्रत्येकाच्या बाबतीत खरा ठरेलच असे नाही एवढेच तो सांगतो. संशोधकाची शंका मात्र दाव्याबद्दलच असते. ‘टळतो’, ‘कमी करतो’, ‘वाचवतो’ ही क्रियापदेही त्याच जातीची. मजकुरात पहिल्यांदा ‘आढळले’ लिहिल्यावर तोच शब्द पुन्हा नको म्हणून पाचव्या परिच्छेदात नकळत ‘मुळे’ शिरतो, तेव्हा अशा वृत्तात पुनरुक्ती खुशाल होऊ द्यावी.

ही काळजी निव्वळ शब्दांची नाही. बीटा-कॅरोटिनयुक्त भाज्या व फळे अधिक खाणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाचा कर्करोग कमी, असे निरीक्षणात्मक पाहण्यांत दिसत होते. मग फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष धूम्रपानकर्त्यांचे चिठ्ठ्या टाकून गट पाडण्यात आले आणि काहींना बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या देण्यात आल्या. १९९४ मध्ये निष्कर्ष आला तेव्हा गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्के अधिक होता. भाज्या खाणाऱ्यांचे आयुष्यच बहुधा इतर अनेक बाबतींत वेगळे होते.

याची उलट बाजूही सांगायला हवी, कारण मी प्रत्येक ‘मुळे’चा शत्रू आहे असा त्या विभागात समज पसरला होता. धूम्रपानामुळे फुफ्फुसाचा कर्करोग होतो, हे निःशंकपणे लिहावे. तिथेही माणसांना चिठ्ठ्या टाकून सिगारेट ओढायला लावलेले नाही. पण वेगवेगळ्या देशांतील पाहण्या एकाच दिशेने बोलल्या, संबंध फार मोठा निघाला, सिगारेटी वाढतील तसा धोका वाढला, सोडल्यावर तो घटत गेला, आणि धुरातील कर्करोगकारक द्रव्येही ओळखली गेली. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य सल्लागाराच्या, १९६४ च्या अहवालाने अशा पुराव्यांचा ढीग पाहूनच धूम्रपानाला कारण म्हटले. तिथे ‘संबंध आढळला’ असे लिहिणे ही सावधगिरी नव्हे, ती वाचकाची दिशाभूल ठरेल. एकट्या पाहणीला ‘आढळले’ आणि अनेक मार्गांनी आलेल्या, एकमेकांशी जुळणाऱ्या पुराव्याला ‘मुळे’, असा माझा हिशेब आहे.

मथळा सुटल्यावर शेवटची चकमक मजकुराखालच्या चौकटीवरून झाली. तिच्यात ‘डाएट सोडा आजच बंद करा’ असा सल्ला होता, जो निबंधात नव्हताच. सल्ल्यातून कारणाचा दावा मागच्या दाराने परत येतो हे तेव्हा कोणी फारसे बघत नाही. ब्रिटनमधील वीस विद्यापीठांच्या ४६२ प्रसिद्धिपत्रकांची २०१४ मध्ये तपासणी झाली तेव्हा ४० टक्क्यांत सल्ला आणि ३३ टक्क्यांत कारणाचा दावा मूळ निबंधापेक्षा फुगवलेला आढळला होता. म्हणून हाती आलेले प्रसिद्धिपत्रक बाजूला ठेवून पद्धत आणि मर्यादा हे दोन भाग मूळ निबंधात वाचावेत, हे मी आधीच सांगायला हवे होते. आमची चौकट काढून टाकण्यात आली आणि तिच्या जागी, पाहणी निरीक्षणात्मक असून डाएट सोडा सोडल्याने धोका कमी होतो का हे तिने तपासलेले नाही, असे साधे वाक्य छापले गेले.