आमची वाटचाल : टायपिंगच्या टेबलापासून पॉवर स्टेशनपर्यंत

शाहूपुरीतल्या भाड्याच्या गाळ्यात एक कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर, एवढ्यावर आमचं काम सुरू झालं. दस्त, अर्ज, प्रतिज्ञापत्रं. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि वकिलांची वर्दळ वाढली. त्यांना कागद वेळेत लागतो. लाईट गेली, हे कारण कोर्टात कोण ऐकून घेणार?

गाळा आपला नाही आणि २०१९, २०२१ चे महापूर कोल्हापूरनं बघितलेत. त्यामुळं भिंतीला जखडलेल्या इन्व्हर्टरपेक्षा उचलून माडीवर नेता येईल असं पोर्टेबल पॉवर स्टेशन, म्हणजे बॅटरी आणि इन्व्हर्टर एकाच खोक्यात, घ्यायचं ठरलं.

दुकानदारानं दोन दाखवली. पहिल्याची बॅटरी १५०० वॉट-अवरची, पण आउटपुट ६०० वॉट आणि पूर्ण चार्जिंगला सात तास. दुसऱ्याची बॅटरी १००० वॉट-अवरची, आउटपुट १५०० वॉट, चार्जिंग दीड तासात. किंमत जवळपास सारखीच. "काका, मोठी बॅटरी घ्या, जास्त चालेल," असा त्याचा आग्रह. मी आमचा लेझर प्रिंटरच रिक्षात घालून दुकानात नेला.

लेझर प्रिंटर नुसता बसलेला असताना काही वॉटच खातो. प्रिंट दिली की शाई कागदावर पक्की करणारा हीटर तापतो आणि काही सेकंद हजार वॉटच्या आसपास ओढतो. ६०० वॉटच्या मशीनवर पहिलं पान निम्मं बाहेर आलं, स्क्रीनवर ओव्हरलोडची खूण लागली आणि सगळं बंद. खोक्यावर "पीक १२००" छापलेलं होतं, पण तो आकडा क्षणभराच्या झटक्यासाठी असतो, काही सेकंद सलग तापणाऱ्या हीटरसाठी नव्हे. दुसऱ्यावर पानं सरळ निघाली. बघायचा तो सलग चालणारा आउटपुट.

मग प्रश्न उरला, १००० वॉट-अवर पुरतील का? दोन कॉम्प्युटर, राउटर, पंखा आणि ट्यूब मिळून आमचा लोड २२० वॉट. दोन तासांचे ४४० वॉट-अवर, वर छपाईचे साधारण शंभर. मशीनच्या आतल्या इन्व्हर्टरमध्येही वीज जिरते, हाती ८५ टक्केच येते असं धरलं तर बॅटरीतून साडेसहाशेच्या आसपास जाणार. म्हणजे दोन तास निभतात, थोडी शिल्लकही राहते.

पावसाळ्यात लाईट तासभर येते आणि परत जाते. दोन तासांत गेलेले साडेसहाशे वॉट-अवर त्या तासात या मशीनमध्ये जवळजवळ भरून निघतात. सात तासवाल्यात दोनशेच्या वर फार जात नाही. भरताना आमचं मशीन साताठशे वॉट ओढतं, म्हणून एक्स्टेंशन बोर्डवर न लावता थेट भिंतीच्या सॉकेटला लावतो. कडेचा पंखा तेव्हा चांगलाच घोंघावतो, त्यामुळं त्याच्यापुढं फायली रचायच्या नाहीत, असं पोरांना बजावलंय.

मोठं झेरॉक्स मशीन मात्र यावर लावत नाही. गठ्ठा घेऊन आलेल्याला सरळ सांगतो, "भावा, लाईट आली की ये."