नळवाला ‘न’मध्ये

रविवारी दुपारी भाची आली आणि माळ्यावरून माझ्या जुन्या नोट्स काढायला लावल्या. ती सीए फायनलला आहे, सहावा पेपर ओपन बुक. आमच्या वेळी, म्हणजे २०१८ पासून पुढची काही वर्षं, सहावा पेपर आपण निवडायचा असे. मी इंटरनॅशनल टॅक्सेशन घेतला होता. २०२४ पासून तो सगळ्यांना एकच झाला आणि त्यात सगळेच विषय येतात. म्हणजे पोतं अजून मोठं झालं.

गठ्ठा खाली आला. स्पायरल बाइंडिंगचे दोन जाडजूड खंड. कडेच्या कागदी पट्ट्या हात लावताच गळाल्या, प्लास्टिकच्या मात्र जागच्या जागी होत्या. त्या गुळगुळीत प्लास्टिकवर बॉलपेन धड उमटत नाही, जेलपेन बोटाला लागतं. सीडीवर लिहायचा मार्कर तेवढा टिकतो. या बाबतीत मी जरा हट्टी आहे. पट्टीवर दोन्ही बाजूंनी लिहिलेलं हवं, कारण परीक्षेत आपण पानं पुढेही उलटतो आणि मागेही. आणि रंग तीनच: कायद्याला एक, करारांना एक, सोडवलेल्या उदाहरणांना एक. आमच्या ग्रुपमधल्या एकीने जवळजवळ प्रत्येक पानाला पट्टी लावली होती. पुस्तक पिसारा फुलवल्यासारखं दिसायचं, पण सगळ्याच पानांना पट्टी असली की पट्टी नसलेलं पान शोधणं सोपं जातं!

पट्ट्यांनी फार तर प्रकरणापर्यंत पोहोचता येतं. खरी मदार पहिल्या दोन पानांवरच्या अनुक्रमणिकेवर.

माझ्या लहानपणी घरी एक टेलिफोन डायरी होती, कडेला पायऱ्यांसारखी अक्षरं कापलेली. बाबा तिच्यात आडनावाने नंबर लिहीत, नीट, शाईने. आईची पद्धत वेगळी. नळवाला ‘न’मध्ये. गॅसचा नंबर ‘स’मध्ये, कारण आई त्याला कायम सिलेंडर म्हणायची. पंखा दुरुस्त करणारा आणि मिक्सर दुरुस्त करणारा माणूस एकच होता, तर तो ‘प’मध्येही आणि ‘म’मध्येही. बाबा चिडायचे, “त्या माणसाला आडनाव आहे की नाही?” आई म्हणायची, “नळ गळायला लागल्यावर मला त्याचं आडनाव आठवत नाही.” तरीही बाबांनी एकदा सगळी डायरी नव्याने आडनावांप्रमाणे उतरवून काढली. पुढच्या महिन्यात आईने नव्या डायरीत पेन्सिलने ‘न’खाली नळवाला लिहिला.

सीएची पोरं अनुक्रमणिका करतात ती बाबांसारखी. कलम ९, कलम ९०, कलम १९५, मग डीटीएएचं, म्हणजे दोन देशांतल्या दुहेरी कर टाळायच्या कराराचं, आर्टिकल ५, ७, १२, ओळीने. दिसायला सुरेख. पण प्रश्न असा येतो: एका परदेशी कंपनीने पुण्यात यंत्रं बसवायचं काम घेतलं, काम आठ महिने चाललं, तर इथे कर लागेल का? त्यात ‘पर्मनंट एस्टॅब्लिशमेंट’, म्हणजे परदेशी कंपनीचं इथलं बस्तान, हे शब्द कुठेच नसतात आणि आर्टिकल ५ तर मुळीच नसतं. असतात ते यंत्रं, बसवणं आणि आठ महिने. म्हणून माझ्या यादीत ‘इ’खाली ‘इन्स्टॉलेशन’, ‘प’खाली ‘प्रोजेक्ट’ आणि ‘स’खाली ‘साईट’, तिन्हीकडे एकच पान दिलं होतं.

पान नंबराशेजारी उत्तराचा गाभाही लिहिलेला: ओईसीडी १२ महिन्यांहून जास्त, यूएन ६ महिन्यांहून जास्त. दोन नमुना करारांतला हा फरक परीक्षकांचा लाडका. आठ महिने हा आकडा मुद्दाम दोन्हींच्या मधला असतो. करार यूएनच्या धर्तीवर असेल तर कर लागायचा रस्ता उघडतो, ओईसीडीच्या धर्तीवर असेल तर या कलमाखाली सुटका. हे यादीतच दिसलं की पान उघडायची वेळ येत नाही. खाली आणखी एक ओळ: ‘स्टाफ पाठवला, नुसती सेवा – यूएन, १२ महिन्यांत १८३ दिवसांहून जास्त, ओईसीडीच्या आर्टिकलात अशी वेगळी तरतूद नाही.’ यंत्र बसवणं आणि माणूस पाठवणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, पण घाईत एकसारखे दिसतात.

घाई तर असतेच. चार तास, म्हणजे २४० मिनिटं, त्यात आम्हाला चार केस स्टडी सोडवायच्या. एकीला तासभर. वाचण्यातच पाव तास जातो. मग दर शंकेला तीन मिनिटं पानं चाळली आणि अशा पाच शंका आल्या, की आणखी पाव तास गेला. पुस्तक उघडं ठेवायची परवानगी आहे म्हणून लोक निर्धास्त जातात आणि पुस्तकातच हरवतात. माझा नियम होता: यादीत दोन ठिकाणी बघून सापडलं नाही तर पुस्तक मिटायचं आणि आठवेल ते लिहायचं.

भाचीच्या नोट्स मात्र तीन ठिकाणांहून छापलेल्या आणि प्रत्येकीचे पान नंबर एकपासून. म्हणजे ‘पान ४१’ तीन. तिला म्हटलं, आधी सगळं एकाखाली एक लाव, मग उजव्या खालच्या कोपऱ्यात हाताने मोठे, सलग नंबर घाल, मग स्पायरल, आणि यादी सगळ्यात शेवटी. नंतर एखादी दुरुस्ती आली तर ते पान ४१अ म्हणून घुसवायचं, पुढचे नंबर बदलायला जायचं नाही. आणि यादी स्वतःच करायची. दुसऱ्याची यादी म्हणजे दुसऱ्याच्या आईची डायरी.

“मग तुझी मी कशाला घेऊ?” ती म्हणाली. प्रश्न रास्त होता. शिवाय माझ्या नोट्समधली कलमं आता तशी निकामीच. प्राप्तिकराचा नवा कायदा २०२५ मध्ये मंजूर झाला, १ एप्रिल २०२६ पासून लागू, ५३६ कलमं, बहुतेक क्रमांक नवे. परदेशी माणसाला पैसे देताना कर कापायचा ते कलम १९५ आमच्या पिढीला झोपेतसुद्धा आठवतं. आता पगार सोडून बाकीच्या बहुतेक सगळ्या कपाती कलम ३९३ मध्ये कोष्टकांत बसवल्या आहेत. माझ्या पट्ट्यांवर ठळक मार्करने १९५ लिहिलंय ते लिहिलंय. भाचीने यादीची डावी बाजू उतरवून घेतली, उजवी सोडून दिली. साईट, स्टाफ, रॉयल्टी, सॉफ्टवेअर, कर्ज. हे शब्द बदललेले नाहीत.

कर्जापाशी अडलो. परदेशातल्या संबंधित कंपनीला दिलेलं व्याज एक कोटीच्या वर गेलं, तर एबिटडाच्या, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीच्या नफ्याच्या, ३० टक्क्यांवरचं व्याज खर्च म्हणून धरत नाहीत. हे कुठे लिहायचं? ती म्हणे ‘थिन कॅपिटलायझेशन’. मी म्हटलं, प्रश्नात तो शब्द येणार नाही, ‘कर्ज’ लिही. ती म्हणे, मावशी, मला व्याजच आठवेल.

मग व्याजात लिही.

“आणि कर्जात?”

कर्जातही लिही, बाई. जागा आहे.