साल आणि उकळी

रत्नागिरीजवळच्या एका कोळंबी प्रक्रिया कारखान्यात मी निर्यातीची कागदपत्रं बघतो. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावरची ती दुपार अजून डोक्यातून जात नाही.

दुसरा कंटेनर भरायला लागला होता. तेवढ्यात युरोपातल्या ग्राहकाचा फोन आला. आधी गेलेला पहिला कंटेनर तिथल्या कस्टमने उघडला होता, नमुना काढला होता आणि आमचा कोड, म्हणजे ज्या वर्गीकरणावरून आयात कर ठरतो तो आकडा, चुकीचा ठरवला होता. आमच्या इन्व्हॉइसवर ०३०६.१७ होता, त्यांच्या मते तो १६०५ मध्ये जायला हवा होता.

मालक म्हणाले, "अरे, माल तोच, कोळंबीची जात तीच व्हेनामी, तळंही तेच. मसाला नाही, पीठ नाही. मग कोड कसा बदलेल?"

आमच्या धंद्यात बहुतेकांना असंच वाटतं. कोडचे पहिले दोन आकडे वर्गीकरणाचं प्रकरण सांगतात; प्रकरण ३ म्हणजे साधी मासळी आणि १६ म्हणजे मसाला किंवा पीठ लावलेली, असा समज घट्ट बसलेला आहे. मीही तोच धरून चाललो होतो. फोन ठेवल्यावर ०३०६ चा मजकूर पहिल्यांदा शब्दन् शब्द वाचला. गोठवलेली कच्ची कोळंबी सालीसकट असो की सोललेली, ती तिथेच बसते. वाफेवर किंवा पाण्यात उकडलेलीही बसते, पण उकडलेलीला अट आहे : साल अंगावर हवी. म्हणजे नुसती सोलली तरी ०३०६, नुसती उकडली तरी ०३०६. दोन्ही केलं की माल १६०५ मध्ये जातो, मग त्यात मिठाचा कणही नसेना का.

वर्षभर आम्ही हा ग्राहक सालीसकट उकडलेली कोळंबी घेणारा म्हणून ओळखत होतो. या खेपेला त्याने उकडून सोललेली मागितली. सोलण खात्यातल्या ताईंना ते माहीत होतं, उत्पादनालाही माहीत होतं, पॅकिंग लिस्टवरही लिहिलेलं होतं. इन्व्हॉइस मात्र मी जुनं उघडून, तारीख आणि वजन बदलून तयार केलं होतं. तिथे नुसतं 'गोठवलेली व्हेनामी कोळंबी' राहिलं आणि त्याच्याशेजारी जुना कोड. पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, पुढचे ज्याचे त्याचे. त्यामुळे तिकडच्या एजंटाने आमचेच सहा आकडे धरून पुढचे आपले जोडले.

फरक किती पडतो तेही सांगतो. युरोपीय संघाचा मूळ दर या कोळंबीवर ०३०६ मध्ये १२ टक्के आणि १६०५ मध्ये २० टक्के. भारतीय मालाला मिळणाऱ्या सवलतीनंतर आमच्यासाठी ते ४.२ आणि ७ टक्के होते. एक लाख युरोच्या मालावर ४,२०० ऐवजी ७,०००. वरचे २,८०० भरायचे ग्राहकाने, पण कागद आमचा. शिवाय कंटेनर अडकून पडला त्या दिवसांचं भाडं आणि उणे १८ अंश राखायची वीज वेगळी.

मग ग्राहकाने सुचवलं, की दुसऱ्या इन्व्हॉइसमध्ये 'उकडलेली' हा शब्द लिहूच नका. मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हटलं. आरोग्य प्रमाणपत्रावर प्रक्रियेचा प्रकार लिहावाच लागतो, दोन कागद दोन गोष्टी सांगणार. आणि पिशवी उघडली की कोणालाही दिसतं : कच्ची व्हेनामी राखाडी, काचेसारखी आरपार वाटते, उकडलेली आतपर्यंत पांढरी आणि वरून केशरी. तो शब्द गाळणं म्हणजे खोटं लिहिणं, दुसरं काही नाही. मालक थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "लिही खरं."

शिपिंग बिल, म्हणजे आपल्या कस्टमला द्यायचं निर्यातीचं घोषणापत्र, नव्याने केलं. आपल्याकडे कोळंबीच्या निर्यातीवर शुल्क नाही, म्हणून इथे कोडकडे कोणी फारसं बघत नाही, हे मला अजूनही खटकतं. सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. थंड पाण्यात हात घालून दिवसभर सोलणाऱ्या बायकांचं काम त्या मालात आलं, की पलीकडे कर वाढतो. तीच उकडलेली कोळंबी सालीसकट पाठवली आणि तिकडे सोलली, तर कमी लागतो.

आता ऑर्डरच्या कागदावर मी दोन रकाने वाढवलेत : साल आहे का, आणि उष्णता दिली का. ते भरून, सोलण खात्याची सही घेतल्याशिवाय इन्व्हॉइस उघडत नाही. परवा त्याच ग्राहकाची नवी मागणी आली : उकडलेली, सोललेली, पण शेपटीच्या टोकाला साल ठेवून. ती 'सालीसकट' धरायची की नाही, हे मी ठरवणार नाही. त्याला कळवलंय, तुमच्या कस्टमकडून बंधनकारक वर्गीकरण लेखी घ्या, ते तीन वर्षं चालतं. उत्तर येईपर्यंत ती ऑर्डर माझ्या टेबलावरच आहे.